चातुर्मासातील किराणा: पाकिटाच्या मागच्या बाजूच्या नोंदी

शनिवार, ५ जुलै २०२५

अण्णांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आई आणि अण्णा या वर्षीचा चातुर्मास गावी, शिरोळ तालुक्यात न काढता आमच्याकडे पुण्यात काढणार आहेत. आमच्या जैन घरात कंदमूळ येत नाही, त्यामुळे फारसे काही बदलावे लागणार नाही, असा माझा समज होता. आज स्वयंपाकघरातील कपाट रिकामे करून एकेक पाकीट उलटे करून वाचले, तेव्हा हा समज गेला. एकूण तेवीस पाकिटे, पुड्या आणि बाटल्या निघाल्या आणि त्यांतील नऊच आईला चालतील अशा होत्या. उरलेल्या चौदांपैकी सहांमध्ये कांदा किंवा लसूण उघडपणे छापलेला होता आणि आम्ही त्या वर्षभर वापरत होतो, हे लिहिताना संकोच वाटतो. पुढची बाजू पाहून विकत घ्यायचे, ही आमची सवय होती.

खरेदीला निघण्यापूर्वी कोणाचा नियम काय आहे, हे लिहून घेतले. हे आधी केले नसते तर पुढचा सगळा खर्च वाया गेला असता. अण्णांना विकतचा तयार पदार्थ चालत नाही. त्यांना धान्य, डाळी, अख्खे मसाले, गूळ आणि मीठ घरात आणून त्यांतून केलेलेच लागते आणि पीठ मर्यादेतले, म्हणजे दळून ठरावीक दिवसांच्या आतले लागते. आईचा कंदमूळ, मध, पालेभाजी आणि रात्रिभोजन यांचा त्याग आहे, पण घटक योग्य असतील तर बाहेरचा खाखरा किंवा सॉस तिला चालतो. आम्ही दोघे आणि नऊ वर्षांची मुलगी फक्त कंदमूळ टाळतो. म्हणून कपाटाचे तीन कप्पे केले: वरचा अण्णांचा, मधला आईचा, खालचा आमचा. वरच्या कप्प्यातील वस्तू खाली चालते, खालची वर जात नाही.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी एकादशी असल्याने दुकानाच्या दर्शनी भागात उपवासाच्या पदार्थांची रास होती. दुकानदारांनी मोठ्या आत्मीयतेने एक पाकीट पुढे केले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी हेच बरं साहेब, कांदा-लसूण अजिबात नाही." ते पाकीट बटाट्याच्या किसाच्या चिवड्याचे होते. शेजारी साबुदाण्याची चकली होती आणि त्याच्या पलीकडे रताळ्याचे वेफर्स. उपवासाला चालणारे जवळजवळ सगळेच जमिनीखालचे, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

या प्रसंगाची नोंद विनोद म्हणून केलेली नाही. "कांदा-लसूणविरहित" आणि "जैन" हे दोन शब्द बाजारात एकमेकांऐवजी वापरले जातात, पण त्यांचा अर्थ एक नाही. कांदा-लसूणविरहित पदार्थात बटाटा, आले, गाजर, बीट, सुरण यांपैकी काहीही असू शकते आणि छापलेला दावा तरीही खराच असतो. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा असतो, म्हणून आमच्याकडे तोही चालत नाही. घटकांच्या यादीत तोच "टॅपिओका स्टार्च" या नावाने येतो.

मंगळवार, ८ जुलै

पहिली मोठी खरेदी झाली आणि ती बरीचशी फसली. बिल २,१४० रुपयांचे झाले. घरी आल्यावर आईने चष्मा लावून आणि मुलीने मोबाइलवर फोटो मोठे करून सगळी पाकिटे पुन्हा तपासली, तेव्हा ६१० रुपयांच्या वस्तू बाजूला निघाल्या. फोडलेल्या नव्हत्या म्हणून दुकानदारांनी चारशेच्या परत घेतल्या. बाकीच्या शेजारी देऊन टाकल्या.

पहिली चूक हिरव्या ठिपक्यावर विसंबण्याची होती. न्याहारीच्या एका पाकिटावर ठिपका ठळक होता आणि घटकांच्या मध्यावर मध होता. अन्नसुरक्षेच्या लेबलिंग नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुधाचे पदार्थ यांच्याबरोबरच मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख हेही वगळलेले आहेत. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका असणे नियमाला धरूनच आहे. चकाकणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांवर जो लेप असतो, त्याच्या जागी ९०१ हा आकडा दिसला तर ते मेण आणि ९०४ दिसला तर ती लाख. हिरव्या ठिपक्यावरून कंदमुळांविषयी तर काहीच कळत नाही.

दुसरी चूक "मसाले" या शब्दाकडे दुर्लक्ष करण्याची. भाजलेल्या मखाण्यांच्या पाकिटावर फक्त "स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स" एवढेच होते. मसाल्याचा प्रत्येक घटक वेगळा न लिहिता असे एक सामायिक नाव देण्याची मुभा नियमांत आहे. शिवाय एखादा संयुक्त घटक एकूण पदार्थाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या आत काय आहे ते, अन्नात मिसळायची रसायने सोडून, लिहिणे बंधनकारक नाही. वरून भुरभुरलेला मसाला पुष्कळदा या पाच टक्क्यांच्या आतच बसतो आणि लसणाची पूड नेमकी अशाच मसाल्यात असते. म्हणून नियम केला: नुसते "मसाले" लिहिलेले असेल आणि पाकिटावर कंदमूळ नसल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते आईच्या कप्प्यात जात नाही. मिरची, धने, जिरे, सुंठ अशी फोड करून लिहिलेली असेल, तर जाते. सुंठ आणि हळद वाळलेल्या असल्यामुळे आमच्याकडे चालतात. ओले आले आणि ओली हळद चालत नाही. वाळवलेल्या लसणाला ही सवलत नाही. मुलीने यातील तर्क विचारला. आईने सांगितले की हळद-सुंठ औषधासारखी चिमूटभर लागते आणि वाळल्यावर टिकते, लसूण चवीसाठी लागतो. मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही, पण तिने वहीत दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले.

बुधवार, ९ जुलै (आषाढ शुद्ध चतुर्दशी)

आज नियम घेतले. अण्णांच्या पिठाचा प्रश्न मी गृहीत धरला होता त्याहून कठीण निघाला. आमच्या परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानतात. दळलेल्या मसाल्यालाही तेच लागू होते. पाकिटातील कोणतेही पीठ कारखान्यातून दुकानात पोहोचेपर्यंतच तीन दिवसांपेक्षा जुने झालेले असते. मी दुकानात अर्धा तास उभा राहून कणीक, बेसन आणि तांदळाच्या पिठाचे उत्पादन दिनांक पाहिले. सर्वांत ताजे पाकीट सोळा दिवसांपूर्वीचे होते. हा अर्धा तास वाचवता आला असता. मर्यादेतले पीठ पाकिटात मिळत नाही, हे आधी मान्य करावे आणि लेबल वाचण्याचे श्रम इतर वस्तूंसाठी राखून ठेवावेत.

शनिवार, १२ जुलै

कोपऱ्यावरच्या गिरणीत दोन किलो गहू नेले. गिरणीवाल्यांनी पाच किलोपेक्षा कमी वेगळे दळून देण्यास नकार दिला आणि त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही. पाच किलो कणीक अण्णा तीन दिवसांत संपवू शकत नाहीत. शिवाय आदल्या गिऱ्हाइकाचे पीठ जात्यात उरलेले असते, ते आपल्यात मिसळते.

अखेर जुनी घरघंटी ८,५०० रुपयांना घेतली. या सगळ्या उपद्व्यापातील हा सर्वांत मोठा खर्च, पण अण्णांचा प्रश्न एका फटक्यात सुटला. पहिल्या दोन दळणांत एक चूक झाली, ती इथे लिहितो. दळण झाल्यावर मी पिठाचा डबा काढून घेत असे आणि झाकण लावून टाकत असे. तिसऱ्या वेळी अण्णांनी आत बोट फिरवले आणि बोटावर आलेले पीठ मला न बोलता दाखवले. जाळीच्या मागे आणि कडांना मूठभर जुने पीठ बसलेले होते आणि ते नव्या दळणात उतरत होते. आता प्रत्येक दळणानंतर जाळी काढून कोरड्या ब्रशने आतली बाजू झाडतो. सात-आठ मिनिटे जास्त लागतात. हरभरा डाळ दळून घरीच बेसन करतो. हळद मात्र अख्ख्या हळकुंडांची न दळता खलबत्त्यात आधी फोडून मग दळावी, नाही तर यंत्र अडते.

मंगळवार, १५ जुलै

मुलीसाठी आणि आईसाठी मिळून एक टोमॅटो सॉस हवा होता. "कांदा-लसूणविरहित" असे लिहिलेली एक बाटली घेतली. तिच्यावर घटक या क्रमाने होते: पाणी, टोमॅटोचा लगदा, साखर, मीठ, आम्लता नियंत्रक २६०, स्थिरक १४२२ आणि ४१५, परिरक्षक २११, मसाले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे शेवटचे "मसाले" अगदी थोडे असणार, हे कळते. थोडे असले तरी काय आहेत, हे कळत नाही.

खरी अडचण १४२२ ची होती. हा आकडा सुधारित स्टार्चचा आहे. तो मक्याचा असू शकतो, कसाव्याचा असू शकतो किंवा बटाट्याचाही. आकडा तिन्हींना एकच. कांदा-लसूण नसल्याचा दावा अबाधित ठेवून त्या बाटलीत बटाटा असू शकतो. बाटलीवरील ग्राहक सेवेच्या पत्त्यावर पत्र लिहिले. पहिल्यांदा मी "हा पदार्थ जैन आहे का?" असे विचारले, तासाभरात "होय, शंभर टक्के शाकाहारी आहे" असे उत्तर आले, जे प्रश्नाचे उत्तर नव्हते. मग पुन्हा लिहिताना दोनच प्रश्न ठेवले: १४२२ कोणत्या वनस्पतीपासून तयार होतो आणि "मसाले" या शब्दात आले, कांदा किंवा लसूण यांची पूड वा अर्क आहे का. बाटलीचा बॅच क्रमांकही दिला. ज्यांना असे लिहायचे असेल त्यांनी थेट दुसऱ्या प्रकारचेच पत्र लिहावे. धर्माचे नाव घेतले की पाठ केलेले उत्तर येते आणि वनस्पतीचे नाव विचारले की कोणाला तरी उठून कागद पाहावा लागतो.

त्याच दिवशी आणखी एका कंपनीच्या सॉसविषयी हेच दोन प्रश्न पाठवले.

मंगळवार, २२ जुलै

दोन्ही उत्तरे आली. पहिल्या कंपनीने स्टार्च मक्याचा असून मसाल्यांत लवंग, दालचिनी आणि मिरची असल्याचे लेखी कळवले. दुसरीने प्रामाणिकपणे लिहिले की स्टार्च पुरवठादाराप्रमाणे बदलतो; कधी मक्याचा, कधी टॅपिओकाचा. पहिली बाटली आईच्या कप्प्यात गेली. आईने मात्र २६० म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल हे ऐकल्यावर एक चमचा चाखून बाटली मुलीकडे सरकवली. सात दिवसांच्या पत्रव्यवहाराचे फळ एक चमचा.

शनिवार, २ ऑगस्ट

या नोंदींमधील सर्वांत लाजिरवाणी चूक आजची. मेथीच्या खाखऱ्यांचे पाकीट आणले. घटक स्वच्छ: गव्हाचे पीठ, तेल, मेथी, तीळ, मीठ, हळद, मिरची. पुढे "जैन" असे छापलेले. कंदमूळ नाही, मध नाही, आकडे नाहीत. आईने पाकीट हातात घेतले, वास घेतला आणि विचारले, "अरे, ही मेथी पाल्याचीच ना?"

चातुर्मासात तिचा पालेभाजीचा त्याग आहे आणि वाळवलेली मेथी ही पालेभाजीच. मी गेला महिनाभर फक्त जमिनीखालचे शोधत होतो. त्यानंतर मधला कप्पा पुन्हा तपासला, तेव्हा तीन ठिकाणी पाला सापडला: पनीरच्या मसाल्यात कसुरी मेथी, मखाण्यांवर पुदिन्याची पूड आणि एका चिवड्यात तळलेला कढीपत्ता. वर्षभर हे पदार्थ तिला चालतात. याच चार महिन्यांत चालत नाहीत. पाकिटावरील "जैन" हा शब्द बारमाही असतो, ऋतूप्रमाणे बदलत नाही. आमच्या यादीत त्या दिवसापासून कंदांच्या शेजारी पाल्यांचा एक रकाना आहे. ज्यांच्या घरी श्वेतांबर रीत आहे, त्यांना चार महिन्यांत सुक्या मेव्याचाही रकाना करावा लागेल. आमच्या शेजारच्या काकूंची खरेदी त्यामुळे माझ्याहून अवघड आहे.

रविवार, १० ऑगस्ट

केळ्याच्या वेफर्सवरून घरात मतभेद झाला. पाकिटावर कच्ची केळी, तेल, मीठ एवढेच. पण ज्या कढईत केळी तळली, तिच्यात आधी बटाटा तळला होता की नाही, हे त्यावर लिहिलेले नसते. "याच कारखान्यात अमुक पदार्थही बनतात" अशा सूचना गहू, दूध, शेंगदाणे, सोयाबीन, सुकामेवा अशा ॲलर्जी होऊ शकणाऱ्या ठरावीक घटकांसाठी असतात. कांदा, लसूण किंवा बटाटा त्या यादीत नाहीत, म्हणून अशी सूचना दिसली नाही याचा अर्थ तेल वेगळे होते, असा काढता येत नाही. लेबल वाचण्याची मर्यादा इथे येते. मी वेफर्स मिळणाऱ्या जवळच्या दुकानात जाऊन विचारले. त्यांनी भट्टीकडे बोट दाखवले: एकच कढई, सकाळी केळी, दुपारी बटाटा, तेल तेच. तिथून घेणे थांबवले. आता केळी घरी किसून तळतो.

बुधवार, २० ऑगस्ट

घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवरून मागवलेल्या हिंगाने फसवले. पडद्यावरील छायाचित्रात घटक होते: तांदळाचे पीठ, डिंक, हिंग. हातात आलेल्या डबीवर होते: "एडिबल स्टार्च", डिंक, हिंग. छायाचित्र जुन्या वेष्टनाचे होते. बाजारातील रोजचा हिंग शुद्ध नसतो; त्यात पीठ किंवा स्टार्च आणि डिंक मिसळलेला असतोच, म्हणून हिंगाच्या डबीवर वास नव्हे, घटक पाहावेत. डबीवर स्टार्च कशाचा हे नव्हते. ८५ रुपये गेले. मसाल्याची वस्तू परत घेता येत नाही, असे उत्तर मिळाले. आईसाठी खडा हिंग आणला. (हिंग हा स्वतः एका झाडाच्या मुळाजवळून काढलेला चीक आहे, हे मी घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. अण्णांना ठाऊक असावे.)

२८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

दशलक्षण पर्वात मधला कप्पाही बंद ठेवला. विकतचे काही नाही, त्यामुळे नोंद नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

पर्वाच्या दहा दिवसांत बंद राहिलेला खालचा कप्पा आज उघडला. रव्याच्या एक किलोच्या पिशवीला चिमटा लावून ठेवला होता. वरून रवा ठीक दिसत होता. पिशवी उजेडात तिरकी धरली तेव्हा आतल्या कोपऱ्यात कोळ्याच्या धाग्यासारखी जाळी आणि त्यात रव्याचे दाणे लोंबकळताना दिसले. जाळी दिसली म्हणजे अळी झालेली असते, चाळून उपयोग नाही. अण्णांनी पिशवी झाडाखाली सावलीत हळुवार रिकामी करायला लावली. पावसाळ्यात तीनच दिवसांची मर्यादा का, याचे स्पष्टीकरण मला त्या कोपऱ्यात मिळाले.

तेव्हापासून रवा, पोहे, डाळीचे पीठ यांची मोठी पिशवी घेत नाही. दोनशे ग्रॅमची पाकिटे किलोमागे पंधरा-वीस रुपयांनी महाग पडतात. फेकलेला किलोभर रवा धरला तर स्वस्तच. दुकानात पाकीट उचलताना उत्पादन दिनांकाबरोबर तळाचे दोन कोपरे दाबून पाहतो. रवा गोळा होऊन चिकटलेला असेल तर पाकीट ठेवून देतो.

रविवार, ५ ऑक्टोबर

जुलैत पत्र पाठवून पसंत केलेला सॉस तिसऱ्यांदा आणला. बाटली तीच, झाकण तेच, पुढची अक्षरे तीच. मुलीने सवयीने फोटो काढला आणि जुन्या फोटोशेजारी ठेवला. मसाल्यांच्या आधी एक शब्द वाढला होता: आल्याचा अर्क. दुकानदारांनी किमतीची चिकट पट्टी नेमकी त्याच ओळीवर लावलेली होती; नखाने खरवडल्यावर ओळ दिसली. बाटली परत केली. पट्टी फाडली म्हणून त्यांनी कुरकुर केली, पण पैसे दिले.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या यादीत आता प्रत्येक वस्तूपुढे शेवटचा फोटो कधी काढला, याची तारीख लिहिली आहे. सॉसपुढची तारीख मुलीने खोडली आणि त्याजागी "घरी करणे" असे लिहिले. कार्तिकी पौर्णिमेला अजून महिना आहे. टोमॅटो आज तीस रुपये किलोने आणले.